स्प्रेड कापला, पण दावा नेमका किती रुपयांचा?

वाचकाचं पत्र

"मी हिंजवडीत नोकरी करतो, राहायला कर्वेनगरला. निफ्टीत स्प्रेड करायची बरीच सवय आहे, शेअरच्या ऑप्शनमध्ये नुकताच आलोय. नोव्हेंबरच्या एक्स्पायरीसाठी एका मोठ्या कंपनीचा १५०० चा कॉल घेतला आणि १५४० चा विकला. लॉट ५०० चा, निव्वळ खर्च शेअरमागे १६ रुपये. मंगळवारी २५ नोव्हेंबरला दुपारी १ वाजून १० मिनिटांनी ब्रोकरने मला न विचारता दोन्ही कॉल बंद केले. आमच्या ऑफिसात मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, मला अडीचला कळलं. तेव्हाचे भाव दिसावेत म्हणून स्क्रीनशॉट घेऊन ठेवला. शेअर त्या दिवशी १५४८ वर बंद झाला! १२,००० मिळायचे तिथे ७५० रुपये हाती आले. माझं नुकसान आधीच मर्यादित होतं, खात्यात १ लाख ४० हजार पडून होते, मग कापायचं कारण काय? ब्रोकरला पत्र लिहून ठेवलंय: फसवणूक केली, ११,२५० रुपये परत द्या आणि मानसिक त्रासाचे ५०,००० द्या. पाठवू का? डिसेंबरचा एक पुट स्प्रेडही लावलेला आहे, त्याचं काय करू?"

— एक वाचक, पुणे

---

नमस्कार,

पत्र पाठवा, पण लिहून ठेवलंय ते नको. तुमच्या तक्रारीत एक मुद्दा दमदार आहे. मात्र तुम्ही जो सगळ्यात जोरात मांडलाय तो मुद्दा हा नव्हे. ११,२५० चा आकडा आणि "फसवणूक" हा शब्द पुढे केलात, तर ब्रोकरचा माणूस त्या दोन गोष्टी पाच मिनिटांत खोडून काढेल आणि खरा मुद्दा त्यांच्याखाली गाडला जाईल.

आधी "नुकसान मर्यादित होतं" हे तुमचं म्हणणं घेऊ. निफ्टीच्या स्प्रेडमध्ये ते शंभर टक्के खरं असतं, आणि तुमचा हात तिथेच बसलेला आहे. निफ्टीचा हिशोब रोखीत होतो, एक्स्पायरीला फक्त फरकाचे पैसे इकडून तिकडे जातात. शेअरच्या ऑप्शनचं तसं नाही. सेबीने २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरुवात केली आणि ऑक्टोबर २०१९ च्या एक्स्पायरीपासून सगळ्याच शेअरच्या फ्युचर-ऑप्शनना प्रत्यक्ष डिलिव्हरी लागू झाली. म्हणजे १५०० चा कॉल घेतलेला असेल आणि शेअर त्याच्या वर बंद झाला, तर तुम्हाला ५०० शेअर १५०० च्या भावाने घ्यावेच लागतात. साडेसात लाख रुपये मोजावे लागतात.

आता तुमचे दोन कॉल एकत्र ठेवून बघा. शेअर १५०० च्या खाली बंद झाला तर दोन्ही कॉल शून्य होतात आणि तुमचे ८,००० जातात. १५४० च्या वर बंद झाला तर १५०० ला शेअर घ्यायचे आणि १५४० ला तेच द्यायचे, ही दोन्ही देणी एकमेकांत फिटतात. तुमच्या हाती शेअरमागे ४० रुपये येतात, १६ वजा करून २४, म्हणजे ५०० शेअरवर १२,०००. या दोन टोकांना स्प्रेड स्प्रेडच राहतो. गोची आहे ती मधल्या चाळीस रुपयांत. शेअर १५२३ ला बंद झाला, तर तुमचा घेतलेला कॉल जिवंत असतो आणि विकलेला मरतो. ज्या विकलेल्या कॉलच्या भरवशावर तुम्ही "मर्यादित" म्हणत होता तो एक्स्पायरीच्या संध्याकाळी अस्तित्वातच नसतो. तुमच्याकडे उरतात ५०० शेअर, पडता भाव १५१६. पुढच्या सकाळी काही वाईट बातमी येऊन शेअर १४७० ला उघडला, तर शेअरमागे ४६ रुपये, म्हणजे २३,००० चा खड्डा. ज्या सौद्यात जास्तीत जास्त ८,००० जातील असं धरून तुम्ही बसला होता, त्यात जवळपास तिप्पट गेले असते, आणि तेही साडेसात लाख उभे केल्यावर.

१ वाजून १० मिनिटांनी शेअर कुठे होता ते तुमच्या पत्रात नाही. पण सोबत जोडलेल्या चार्टवर तो १५२३ च्या आसपास दिसतो, म्हणजे बरोबर मधल्या पट्ट्यात. आणि तुमच्या खात्यात साडेसात लाख नव्हते, १ लाख ४० हजार होते. ते "पडून होते" असं तुम्ही लिहिलंय. स्प्रेडच्या मार्जिनसाठी ते पुरेसे होतेही. पण डिलिव्हरी आली असती तर क्लिअरिंगला पैसे भरायची जबाबदारी आधी ब्रोकरच्या गळ्यात पडते, तुमच्याकडून वसूल होवोत न होवोत. म्हणूनच घेतलेला कॉल इन-द-मनी असेल तर एक्स्पायरीच्या चार दिवस आधीपासून डिलिव्हरी मार्जिन चढायला लागतं: अपेक्षित डिलिव्हरीवरच्या मार्जिनच्या आधी १० टक्के, मग २५, मग ४५ आणि आदल्या दिवशी ७० टक्के. त्या आठवड्यात फंडच्या पानावर तुमची वापरता येणारी रक्कम रोज कमी होताना दिसली असेल. ती पायरी-पायरीने मिळणारी सूचनाच असते, फक्त शब्दांत नसते.

"मला न विचारता" या मुद्द्यावर तुमची बाजू आणखी पातळ आहे, हे वाईट वाटलं तरी सांगतो. खातं उघडताना तुम्ही ज्या गठ्ठ्यावर सह्या केल्या (हल्ली ओटीपी टाकला म्हणायचं), त्यात 'पॉलिसीज अँड प्रोसिजर्स' नावाचा कागद असतो. सेबीच्या २००९ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक ब्रोकरला तो द्यावा लागतो. पैसे किंवा मार्जिन कमी पडलं तर पूर्वसूचना न देता पोझिशन बंद करण्याचा हक्क ब्रोकर कुठल्या परिस्थितीत वापरेल, हे त्यात लिहायचं असतं. म्हणजे कापण्याचा हक्क त्यांच्याकडे आहेच. त्या हक्काच्या ज्या अटी त्यांनी स्वतःच लिहून दिल्या आहेत त्या पाळल्या का, एवढाच प्रश्न तुम्हाला विचारता येतो. आणि इथेच तुमचं पत्र मजबूत होतं.

तुम्ही जोडलेले तीन कागद मी पुन्हा पुन्हा वाचले. सोमवारी संध्याकाळी आलेला ईमेल तुमच्या प्रमोशनच्या कप्प्यात पडून राहिला, हे तुम्हीच खाली टीपेत लिहिलंय. त्यात म्हटलंय की डिलिव्हरीसाठी लागणारी रक्कम मंगळवारी दुपारी १२ पर्यंत जमा करा, नाहीतर पोझिशन बंद केली जाऊ शकते. कधी बंद करणार, ते त्यात नाही. दुसरा कागद आहे ब्रोकरच्या संकेतस्थळावरच्या जोखीम धोरणाच्या पानाचा. त्यात स्पष्ट लिहिलंय की रक्कम नसलेल्या शेअर-ऑप्शनच्या पोझिशन एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी अडीचनंतर बंद केल्या जातील. ही दोन्ही वाक्यं एकमेकांना छेद देत नाहीत. १२ ही पैसे भरायची वेळ आहे, अडीच ही कापायची. कॉन्ट्रॅक्ट नोटवर सौद्याची वेळ १ वाजून १० मिनिटं आहे, म्हणजे त्यांच्याच कागदानुसार ८० मिनिटं आधी. हा तुमचा मुद्दा.

एक शंका मात्र आधीच दूर करून घ्या. तुम्ही त्या पानाचा वरचा अर्धा भागच पाठवलाय. अशा धोरणांमध्ये खाली कुठेतरी "बाजारातील चढ-उतार पाहता जोखीम विभाग त्याआधीही पोझिशन बंद करू शकेल" अशा अर्थाची ओळ बहुतेक वेळा असते. ती असेल तर तुमचा मुद्दा निम्म्याने खाली येतो. पूर्णपणे संपत नाही, कारण मग त्या दिवशी असा कोणता चढ-उतार होता हे ब्रोकरला सांगावं लागेल. पान आजच पूर्ण उतरवून घ्या, तारखेसकट. तक्रार गेल्यावर अशी पानं बदलली जाण्याचा धोका असतो.

आता रुपयांकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे. तुम्ही १५४८ वरून मागे मोजलंत. पण पोझिशन अडीचला कापली असती तरी ती १५४८ ला कापली गेली नसती. अडीचनंतर तुमच्या खात्यात साडेसात लाख येणार नव्हतेच, तेव्हा शेवटपर्यंत थांबण्याचा पर्याय ब्रोकरच्या धोरणात तुम्हाला कुठेच नव्हता. ब्रोकरने नियम पाळला असता तर काय झालं असतं, एवढंच मोजायचं. तुमचा अडीचचा स्क्रीनशॉट इथे सोन्यासारखा आहे. त्यात १५०० च्या कॉलला ३० ची बोली दिसते आणि १५४० चा कॉल २.५० ला विकायला ठेवलेला दिसतो. म्हणजे त्या क्षणी दोन्ही बाजू बंद केल्या असत्या तर शेअरमागे २७.५० हाती आले असते. प्रत्यक्षात १५०० चा कॉल १९ ला विकला गेला आणि १५४० चा १.५० ला परत घेतला गेला, म्हणजे १७.५०. फरक १० रुपयांचा, ५०० शेअरवर ५,०००. तुमचा दावा इतका आहे. हा आकडा कागदावर सिद्ध करता येतो. ११,२५० चा येत नाही.

शिवाय त्या १५४८ वरही मी लगेच विश्वास ठेवणार नाही. ॲपवर दिसतो तो बहुतेक वेळा शेवटचा सौदा. तुमच्या एक्स्पायरीला हिशोब ज्या भावाने झाला तो बंद भाव, म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या, ३ ते ३.३० च्या सगळ्या सौद्यांची वजनदार सरासरी. शेअर तीनला १५३३ ला असेल आणि साडेतीनला १५४८ पर्यंत चढला असेल, तर सरासरी सहज १५३९ किंवा १५४१ येऊ शकते. एका बाजूला तुम्हाला १२,००० मिळतात, दुसऱ्या बाजूला ५०० शेअर गळ्यात पडतात. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची भावकॉपी मिळते, तिच्यात बंद भाव आणि शेवटचा भाव असे दोन वेगळे रकाने असतात. एकदा बघाच. पत्रात नसेना का, तुमच्या मनाच्या समजुतीसाठी.

आणखी एक गोष्ट तुम्हाला खटकली आहे: शेअर १५२३ ला असताना १५०० चा कॉल निदान २३ ला जायला हवा होता, तो १९ ला का गेला? रागावण्याआधी समोरच्या खरेदीदाराचा विचार करा. एक्स्पायरीच्या दुपारी इन-द-मनी कॉल जो घेतो त्यालाही डिलिव्हरीची तीच कटकट असते, म्हणून तो आतल्या किमतीपेक्षा कमी बोली लावतो. खरेदीदार थोडे असले की दरी आणखी रुंदावते. तीन-चार रुपयांची सूट अशा वेळी नवलाची नाही. त्याच मिनिटात त्याच कॉलचे इतर सौदे २२ च्या घरात झाले असतील आणि फक्त तुमचाच १९ ला गेला असेल, तर तो वेगळा आणि विचारण्याजोगा प्रश्न होतो. एक्स्पायरी झालेल्या कॉन्ट्रॅक्टचे चार्ट बऱ्याच ॲपमधून गायब होतात, त्यामुळे ही माहिती ब्रोकरकडेच लेखी मागावी लागेल.

एका बाबतीत ब्रोकरच्या बाजूने बोलायला हवं. कॉन्ट्रॅक्ट नोटवर विकलेला कॉल आधी परत घेतलेला दिसतो आणि पाच सेकंदांनी घेतलेला कॉल विकलेला. हा क्रम बरोबर आहे. उलटा असता, तर मधल्या वेळात तुमच्याकडे आधार नसलेला विकलेला कॉल राहिला असता. तुमच्यासारखी वेळ आलेल्या इतर वाचकांनी कॉन्ट्रॅक्ट नोटवर हा क्रम पहिल्यांदा तपासावा. एकच बाजू कापून दुसरी उघडी सोडली असेल, तर त्यातून झालेला तोटा हा वेळेच्या फरकापेक्षा कितीतरी वजनदार दावा होतो.

डिसेंबरच्या पुट स्प्रेडबद्दल. तो जर शेअरवर असेल, निफ्टीवर नसेल, तर तो कॉलपेक्षा अवघड आहे. कॉलमध्ये मधल्या पट्ट्यात बंद भाव आला तर तुम्हाला पैसे द्यावे लागतात. पुटमध्ये, वरच्या भावाचा पुट घेतलेला असेल तर, शेअर द्यावे लागतात. घेतलेला पुट जिवंत राहिला, विकलेला मेला आणि डीमॅटमध्ये शेअर नसले, की ते लिलावातून आणले जातात आणि त्याचा भुर्दंड तुमच्यावर येतो. "मला एक्सरसाइज नको" असं सांगायची जी सोय पूर्वी होती तीही मार्च २०२३ च्या एक्स्पायरीपासून बंद झाली आहे. डिसेंबरची एक्स्पायरी मंगळवारी ३० तारखेला आहे. मध्ये नाताळची सुटी येते, त्यामुळे डिलिव्हरी मार्जिनचे चार दिवस मंगळवार २३ पासूनच मोजायचे. मी तुमच्या जागी असतो तर शुक्रवार २६ च्या संध्याकाळपर्यंत तो बंद केला असता, फायद्यात असो वा तोट्यात. तुमचा मोबाईल लॉकरमध्ये असतो, हे इथे महत्त्वाचं आहे. सकाळी बाजार उघडल्यावर लिमिट ऑर्डर लावून आधी विकलेला पुट परत घ्यायचा, तो झाल्याशिवाय घेतलेल्याला हात लावायचा नाही. शेवटच्या तीन-चार हजारांसाठी एक्स्पायरीच्या दुपारपर्यंत थांबायचं असेल, तर त्या दिवशी सुट्टी टाकून स्क्रीनसमोर बसायची आणि पुटसाठी डीमॅटमध्ये शेअर, कॉलसाठी खात्यात पूर्ण रक्कम ठेवायची तयारी हवी. ती नसेल तर तो सौदा आपला नव्हे.

आता पत्र. मी ते असं लिहीन. इंग्रजीत पाठवलंत तरी मजकूर एवढाच ठेवा आणि ब्रोकरच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवरच पाठवा. तो पत्ता कॉन्ट्रॅक्ट नोटवर छापलेला असतो. कस्टमर केअरच्या चॅटवर नको.

> विषय: २५ नोव्हेंबर २०२५ रोजीच्या स्क्वेअर ऑफच्या वेळेबाबत तक्रार
>
> माझा क्लायंट कोड आणि संबंधित दोन्ही सौद्यांचे ऑर्डर क्रमांक सोबतच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर आहेत.
>
> आपल्या संकेतस्थळावरील जोखीम धोरणानुसार, डिलिव्हरीची रक्कम नसलेल्या शेअर-ऑप्शन पोझिशन एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी २.३० नंतर बंद केल्या जातात (पान तारखेसह सोबत जोडले आहे). २४ नोव्हेंबरच्या आपल्या ईमेलमध्ये रक्कम भरण्याची मुदत १२ वाजेपर्यंत होती; पोझिशन बंद करण्याची वेगळी वेळ त्यात नव्हती. माझी पोझिशन १.१० वाजता बंद करण्यात आली.
>
> पोझिशन बंद करण्याच्या आपल्या अधिकाराबद्दल माझी तक्रार नाही. ती धोरणातील वेळेच्या ८० मिनिटे आधी बंद झाली, याबद्दल आहे. २.३० वाजताच्या भावांनुसार (स्क्रीनशॉट सोबत) निव्वळ फरक शेअरमागे १० रुपये, एकूण ५,००० रुपये येतो. ही रक्कम माझ्या खात्यात जमा करावी.
>
> दावा मान्य नसल्यास कृपया लेखी कळवावे: १.१० वाजता पोझिशन बंद करण्याचा निर्णय धोरणातील कोणत्या कलमाखाली घेतला, त्या वेळी माझ्या खात्यात किती रक्कम कमी होती, आणि १.०५ ते १.१५ या काळात या दोन कॉन्ट्रॅक्टमध्ये झालेल्या सौद्यांचे भाव काय होते.

यात "आपल्या अधिकाराबद्दल माझी तक्रार नाही" हे वाक्य तुम्हाला कदाचित झोंबेल. पण ते मुद्दाम घातलंय. ब्रोकरचं ठरलेलं उत्तर असतं की आम्हाला पोझिशन बंद करण्याचा हक्क आहे, अमुक कलम वाचा. तो हक्क तुम्ही आधीच मान्य केलात की ते उत्तर वापरता येत नाही आणि त्यांना वेळेबद्दलच बोलावं लागतं. मानसिक त्रासाचे ५०,००० काढून टाका. ते ठेवलेत तर तुमचे ५,००० ही घासाघिशीतली मागणी वाटेल, हिशोबातली नाही. "फसवणूक" ही काढा. कुणी तुमचे पैसे लाटलेले नाहीत, एका जोखीम विभागाने बहुधा एकाच वेळी अनेक खात्यांच्या पोझिशन कापताना स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं नाही.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सेबीच्या स्कोअर्सवर (scores.sebi.gov.in) तक्रार करता येते. घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते, आणि ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर मान्य नसेल तर १५ दिवसांत फेरतपासणी मागता येते. दुसरी वाट स्मार्ट ओडीआरची (smartodr.in): आधी मध्यस्थासमोर समेटाची बैठक, ती ऑनलाइनच होते आणि गुंतवणूकदाराला तिची फी नसते, तिथे जमलं नाही तर लवाद. एक लाखापर्यंतच्या दाव्यांत लवाद सहसा कागदपत्रांवरूनच निकाल देतो, त्यामुळे तुमचा स्क्रीनशॉट, ईमेल, धोरणाचं पान आणि कॉन्ट्रॅक्ट नोट हेच तुमचे साक्षीदार. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करू नका. एक चालू असताना दुसरा बंद होतो आणि वेळ वाया जातो.

किती पुढे जायचं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. धोरणाच्या पूर्ण पानावर "अडीचनंतर" एवढंच लिहिलेलं निघालं, तर समेटाच्या बैठकीपर्यंत जा, तुमची बाजू चांगली आहे आणि ५,००० पूर्ण नाही तरी बरेचसे मिळण्याची शक्यता आहे. खाली "त्याआधीही" वाली ओळ निघाली, तर हे पत्र एकदा पाठवा, चढ-उताराचं कारण लेखी मागा आणि स्कोअर्सच्या उत्तरावर थांबा. लवादाला जाऊ नका. दोन्हीपैकी काय निघतं ते पान उघडल्यावरच कळेल, तेव्हा पत्र पाठवायच्या आधी ते पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.